जळलेल्या साड्यांचा हिशेब

मैत्रिणींनो, मंचरच्या आमच्या साडी-मॅचिंगच्या दुकानाला ऐन लग्नसराईत आग लागली. ती अर्ध्या तासात विझली, पण विमा कंपनीला द्यायचा दोन पानी अहवाल लिहायला मला दोन रात्री लागल्या.

पहिलं पान घटनाक्रमाचं. सकाळी साडेनऊला शटर उघडलं, 11.10 ला मीटर बोर्डशेजारच्या रॅकमधून धूर दिसला, लगेच मेन स्विच बंद केला, शेजाऱ्यांनी पाणी मारलं, 11.40 ला आग विझली. त्यानंतर विमा कंपनीला फोन आणि पोलिसांत खबर. शेजारचे काका म्हणाले, "शॉर्टसर्किटच लिही गं." मी नाही लिहिलं. डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहावं. कारण शोधणं तपासणाऱ्याचं काम. बिघाड झालेला बोर्ड सहसा भरपाईत धरत नाहीत, मात्र त्यातून पसरलेल्या आगीत जळलेला माल धरतात.

दुसरं पान नुकसानीचं. पूर्ण जळलेला माल 60 हजारांचा. हा आकडा खरेदीच्या भावाने, विक्रीच्या नव्हे. बिलं अर्धवट जळाली होती, म्हणून पुण्याच्या व्यापाऱ्याकडून त्यांच्या नकला मागवल्या. पाण्याने भिजलेल्या, धुराने काळवंडलेल्या साड्या वेगळ्या लिहिल्या. आग विझवताना झालेलं नुकसानही भरपाईत येतं. त्यांची खरेदी 30 हजारांची. त्या फेकल्या नाहीत, सर्व्हेअर येईपर्यंत तशाच ठेवल्या. स्वस्तात विकल्या तर 10 हजार येतील, असं त्याने ठरवलं. म्हणून तिथलं नुकसान 20 हजार आणि एकूण 80 हजार.

फॉल-पिकोला आलेल्या बायकांच्या अकरा साड्यांची यादी स्वतंत्र, पावती क्रमांकासह. त्यांत जुन्नरच्या एका नवरीचा शालू होता. दुसऱ्याचा माल पॉलिसीत स्पष्ट लिहिलेला असेल तरच मिळतो. आमच्या पॉलिसीत लिहिलेला होता, म्हणून त्या यादीचा विचार झाला.

आता खरी मेख. त्या दिवशी दुकानात आमचा माल 4 लाखांचा होता आणि विमाही तेवढाच. समजा, तो 3 लाखांचाच असता, तर कंपनी म्हणाली असती, तीन चतुर्थांशच विमा काढलाय, मग 80 हजारांऐवजी 60 हजारच धरू. याला सरासरीचा नियम म्हणतात. 2021 पासूनच्या लहान व्यवसायांच्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. इथे तूट 25 टक्के, म्हणून माफी नाही. शिवाय पॉलिसीच्या अटीप्रमाणे काही रक्कम वजा होतेच. म्हणूनच लग्नसराईचा वाढीव माल भरताना विम्याची रक्कमही वाढवून घ्यायला हवी.

"थोडं वाढवूनच लिही, कापून येतंच," असं दोघींनी सुचवलं. पण खोटा दावा सिद्ध झाला तर खरं नुकसानही हातचं जातं. आमचे आकडे बिलांशी जुळले, म्हणून सर्व्हेअरने पुन्हा कागद मागवले नाहीत.