अंगठीतील खडा आणि हवेतील धूळ

दोन वर्षांपूर्वी आमच्या पेढीवर एक भगिनी पेरिडॉटची अंगठी घेऊन आल्या. माप वाढविण्यासाठी ती मध्यंतरी आमच्याकडे राहिली होती. "घेतला तेव्हा खडा लखलखत होता; हा मंद आहे, तो बदलला गेला," असे त्यांचे म्हणणे. पेढीच्या अब्रूचा प्रश्न होता, म्हणून आम्ही दहापट भिंग त्यांच्याच हाती दिले. वरच्या पैलूंच्या कडा झिजून गोलावल्या होत्या व माथ्यावर बारीक चऱ्यांचे जाळे होते. परंतु कोंदणाखाली झाकलेल्या पैलूंच्या कडा नव्यासारख्या धारदार होत्या. खडा तोच होता, रोजच्या वापराने झिजला होता.

याचे कारण मोज यांच्या काठिण्यक्रमात सापडते. फ्रीडरिश मोज या जर्मन खनिजशास्त्रज्ञांनी 1812 साली दहा खनिजे अशा क्रमाने मांडली की, प्रत्येकाने आपल्या खालच्यावर ओरखडा उठावा. शंखजिरे पहिले, गारगोटी सातवी, कुरुंद नववा, हिरा दहावा. हे अंक तराजूतील वजनांसारखे नव्हेत, नुसते क्रमांक होत. नऊ व दहा यांतील अंतर खालच्या कोणत्याही दोन पायऱ्यांपेक्षा फार मोठे आहे.

व्यापाऱ्याने ध्यानी धरावा तो अंक सात. घरातील धुळीत गारेचे सूक्ष्म कण असतात. कोरड्या पदराने अंगठी पुसली की तेच कण खड्यावर घासले जातात. पेरिडॉट साडेसहा ते सात, म्हणजे अगदी सीमेवरचा. चंद्रकांत, ओपल व पेरोजा त्याहून मऊ. पोवळे व मोती तर चाराच्या आसपास. मोत्याला घाम व अत्तरही बाधते. हे खडे समारंभाच्या संध्याकाळी ल्यावेत, आणि मोती तर सर्व प्रसाधन आटोपल्यावरच.

माणिक व नीलम नवव्या पायरीवरचे, रोजच्या बोटाला निर्धास्त द्यावेत. पुष्कराज म्हणून पुखराज आणि टोपाझ असे दोन्ही खडे विकले जातात, तेथे मात्र सावध असावे. पुखराज कुरुंदाच्या जातीचा. टोपाझ आठ अंकाचा खरा, पण त्याच्या अंगात सरळ चिरण्याची एक दिशा असते आणि ओट्यावर आपटताच तो दुभंगू शकतो. ओरखडा न उठणे व आघात सोसणे हे दोन निराळे गुण आहेत. पाचूचेही तसेच: अंक साडेसात ते आठ, परंतु पोटात भेगा, आणि त्या बहुधा तेलाने भरलेल्या. रोज घालावयाचाच असेल तर सोन्याच्या बंद कोंदणात बसवावा, गरम पाण्यापासून दूर ठेवावा.

त्या भगिनींचा खडा आम्ही पुन्हा घासून दिला. वजन किंचित घटेल हे आधी सांगितले होते. आता तो त्यांच्या गळ्यातील पदकात आहे, आणि विक्रीच्या चिठ्ठीवर "रोजच्या वापरास नव्हे" असे आम्ही लिहू लागलो आहो.