अक्षरं पुसल्यावर मागचा रंग भरताना

गावोगावच्या व्याख्यानमालांच्या संयोजकांची एक अडचण ठरलेली असते. गेल्या वर्षीची निमंत्रणपत्रिका छान झाली होती, यंदा फक्त वक्ते आणि तारखा बदलायच्या आहेत. पण ती करून देणाऱ्याकडची ओपन फाइल हरवलेली असते आणि हाताशी उरते ती एकच जेपीजी. मागे संध्याकाळच्या आकाशासारखी शेड, वर गडद निळी आणि खाली उतरताना जांभळी, मग नारिंगी. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत जुनी नावं. ओपन फाइल मिळण्याची थोडीही शक्यता असेल तर आधी दोन फोन करावेत. ती मिळाली नाही, तर ही अक्षरं पुसून मागचं आकाश नव्यानं भरावं लागतं.

फोटोशॉपमध्ये अशा वेळी हात आपोआप क्लोन स्टॅम्पकडे जातो. गवत, विटांची भिंत, गर्दी यांवर तो उत्तम चालतो, कारण एका जागचा तुकडा दुसरीकडे खपून जातो. शेडमध्ये मात्र प्रत्येक उंचीचा रंग वेगळा असतो. दहा पिक्सेल वरचा रंग खाली आणला की तो दहा पिक्सेलइतका चुकीचा असतो. जुन्या भिंतीवर मधेच ताज्या डिस्टेंपरचा हात मारावा, तसं ते ठिगळ दुरूनही दिसतं. हीलिंग ब्रश आणि आपोआप भरणारी साधनं एखादा ठिपका नीट घालवतात. पण चार ओळींचा मजकूर काढायचा असेल तर तिथे धुरकट ढग उमटतात. त्यापेक्षा शेड मुळात जशी तयार झाली, तशीच ती पुन्हा काढणं सोपं पडतं.

एक पत्रिका धरून बघू. ती १२०० पिक्सेल रुंद आणि १६०० पिक्सेल उंच आहे. मजकूर वरून ४०० पिक्सेलपासून ७६० पिक्सेलपर्यंत आहे आणि उजवीकडे थोडा समास मोकळा आहे. रंग उचलायचा तो अक्षरांना खेटून नाही. जेपीजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि रंगाची माहिती बहुधा अर्ध्या बारकाईनं साठवते. त्यामुळे अक्षराच्या कडेचा मळ आठ, कधी सोळा पिक्सेलपर्यंत बाहेर पसरलेला असतो. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण आयड्रॉपरनं नेमका तोच उचलला की पुढचं सगळं बिघडतं. म्हणून वीस पिक्सेल सोडून, वर ३८० आणि खाली ७८० या उंचींवर नमुना घ्यायचा. आयड्रॉपरचा Sample Size मात्र Point Sample न ठेवता 5 by 5 Average किंवा त्याहून मोठा ठेवायचा, कारण एकटा पिक्सेल दाण्यामुळे चार पावलं इकडेतिकडे असू शकतो.

समजा वर लाल ६२, हिरवा ७०, निळा ११८ असा आकडा आला आणि खाली १२८, ९६, ११२. या दोन रंगांची शेड काढायची. इथे सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे ग्रेडियंट टूल ओढायचं कुठून कुठे. टूलची रेघ जिथे सुरू होते तिथे पहिला रंग बसतो, जिथे संपते तिथे दुसरा, आणि रेघेच्या बाहेर सपाट रंग राहतो. रंग ३८० वरून उचलला असेल तर रेघही ३८० वरच सुरू व्हायला हवी आणि ७८० वरच संपायला हवी. पुसलेल्या भागाच्या कडेपासून कडेपर्यंत ओढली तर रंग बरोबर असूनही वीस पिक्सेलनं सरकलेले असतात. त्या दोन उंचींवर आधीच गाइड टाकून ठेवाव्यात आणि ओढताना Shift दाबून धरावी, म्हणजे रेघ सरळ उभी राहते. नव्या आवृत्त्यांत वरच्या पट्टीत Classic gradient निवडलं तर रंग थेट पिक्सेलमध्ये उतरतो. पुढे दाणा मिसळायचा असल्यानं ते सोयीचं आहे. हे सगळं अर्थातच वेगळ्या रिकाम्या लेयरवर करायचं. मूळ चित्राला हात लावायचा नाही.

आता मोकळ्या समासाचा उपयोग. शेड उभी उतरत असेल, तर ५८० या मधल्या उंचीवर समासात जो रंग दिसतो, तोच मजकुराच्या मागेही असायला हवा. आपल्या दोन आकड्यांची सरासरी येते ९५, ८३, ११५. समासात मात्र ८४, ८०, ११७ दिसलं, तर मूळ शेड सरळ रेषेत उतरत नाही, वरच्या भागात ती रेंगाळते. मग ग्रेडियंट एडिटरमध्ये Location 50% वर तिसरा थांबा टाकून त्याला समासातला हा रंग द्यायचा. तिथला Smoothness १०० वरच राहू द्यावा. तो शून्यावर नेला तर दोन सरळ उतार मध्ये कोपरा करून भेटतात आणि त्या ठिकाणी एक फिकट आडवी रेघ भासू लागते. रंगात उडी नसताना, फक्त उताराचा वेग बदलला तरी डोळा तिथे रेघ पाहतो. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञानं १८६५ मध्ये याची नोंद केली होती, म्हणून या भासाला माखचे पट्टे म्हणतात.

काही पत्रिकांत शेड तिरकी असते. तेव्हा समासात हिंडून एकाच रंगाचे दोन बिंदू शोधायचे. त्यांना जोडणाऱ्या रेषेशी काटकोनात शेड उतरत असते, आणि टूलही त्याच दिशेनं ओढायचं.

भरलेल्या लेयरवर मास्क लावून फक्त अक्षरांचा भाग आणि भोवतीचे सोळा-एक पिक्सेल नव्या रंगाचे ठेवले की काम झाल्यासारखं वाटतं. पण पडद्यावर शंभर टक्के आकारात पाहिलं की दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे नवा भाग काचेसारखा गुळगुळीत असतो आणि भोवतालचं आकाश किंचित खरखरीत. दुसरी म्हणजे नव्या भागात आडवे पट्टे पडलेले दिसतात.

पट्ट्यांचं कारण साध्या गणितात आहे. आठ बिटांच्या चित्रात प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात. आपल्या ४०० पिक्सेलच्या उतारात लाल ६६ पायऱ्या चढतो, म्हणजे साधारण दर सहा पिक्सेलला एक. ते कुणाला कळत नाही. निळा मात्र ११८ वरून ११२ वर येतो, फक्त सहा पायऱ्या. त्याची एकेक पायरी ६५-७० पिक्सेल रुंद होते. लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळ्या उंचीवर पायरी बदलतात, म्हणून पट्टे नुसते फिकट-गडद न राहता कुठे हिरवट, कुठे गुलाबी झाक मारतात. शेड जितकी मंद, तितके पट्टे रुंद. म्हणून गडद आणि शांत पार्श्वभूमीवर हा त्रास सर्वांत जास्त.

यावरचा उपाय पहिल्यांदा ऐकताना उलटाच वाटतो: चित्रात थोडा कचरा मिसळायचा. लॉरेन्स रॉबर्ट्स, ज्यांचं नाव पुढे इंटरनेटच्या पूर्वज असलेल्या अर्पानेटशी जोडलं गेलं, त्यांनी १९६२ च्या एका लेखात हे मांडलं होतं. थोड्याच पायऱ्यांत चित्र पाठवायचं असेल, तर पायऱ्या पाडण्याआधी त्यात यादृच्छिक दाणा मिसळायचा आणि पलीकडे तोच दाणा वजा करायचा. आपल्याला वजा करायची गरज नाही. दाण्यामुळे पायरीची सरळ कड मोडते. सीमेजवळचे काही पिक्सेल ११५ होतात, काही ११४, आणि डोळा त्यांची सरासरी काढून मधला रंग पाहतो. ग्रेडियंट टूलच्या पट्टीतली Dither ही खूणही जवळपास हेच करते, म्हणून ती लावलेली असावी. पण तिचा दाणा फार बारीक असतो. पट्टे विरतात, तरी काचेसारखा गुळगुळीतपणा जात नाही.

मग Filter > Noise > Add Noise. तिथे Gaussian निवडायचं. मूळ आकाशातला दाणा रंगीत ठिपक्यांचा नसून नुसता उजळ-काळा असेल तर Monochromatic वर खूण करायची. प्रमाण बहुधा एक ते दोन टक्क्यांत भागतं. ते डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा मोजून घेणं बरं. समासात रुंद पण जेमतेम तीन-चार पिक्सेल उंचीची पट्टी निवडायची आणि हिस्टोग्राम पॅनलमधला Std Dev वाचायचा. पट्टी इतकी बुटकी अशासाठी, की शेडचा उतार मोजमापात शिरू नये आणि हाती फक्त दाणा यावा. पॅनलमध्ये त्रिकोणी इशारा दिसत असेल तर आधी त्यावर क्लिक करायचं, नाहीतर आकडा अंदाजी असतो. मग नव्या भागातही तशीच पट्टी घेऊन दोन्ही आकडे जुळेपर्यंत प्रमाण बदलायचं. गिम्प वापरणाऱ्यांनाही हिस्टोग्राममध्ये हाच आकडा मिळतो.

जेपीजीतून आलेला दाणा मात्र थोडा मऊ असतो, एकेका पिक्सेलचा टोकदार नसतो. आकडे जुळूनही नवा भाग वाळूसारखा दिसत असेल, तर दाणा थोडा जास्त घालून ०.३ ते ०.५ पिक्सेलचा Gaussian Blur द्यावा आणि पुन्हा मोजावं. मास्कची कड मऊ करतानाही हात आखडता ठेवावा. दोन वेगवेगळे दाणे अर्धे-अर्धे मिसळले की एकमेकांना खातात आणि खरखर सुमारे सत्तर टक्क्यांवर येते. वीस पिक्सेलची मऊ कड दिली तर ठिगळाभोवती गुळगुळीत कडं तयार होतं. दोन-तीन पिक्सेल पुरतात.

तपासणीसाठी सर्वांत वर एक Curves लेयर ठेवून वक्र अगदी खडा करायचा. आकाश भडक आणि विद्रूप दिसेल, पण रंगाची किंचित चूक, शिल्लक राहिलेलं अक्षराचं भूत, कडं, सगळं उघडं पडेल. या लेयरखाली वरच्या कडेला ठिगळ गडद आणि खालच्या कडेला फिकट दिसलं, तर रंग बरोबर असून रेघ सरकली आहे. सगळीकडे सारखीच एक झाक दिसली, तर नमुनाच मळका उचलला गेला आहे. दुरुस्ती करून तो लेयर काढून टाकायचा.

मागे खरे ढग असतील, किंवा एखाद्या इमारतीच्या दिव्यांचा उजेड आकाशात पसरला असेल, तर ही पद्धत फक्त पाया देते. त्यावर ढगांचे तुकडे क्लोन स्टॅम्पनंच आणावे लागतात. आणि काम झाल्यावर जेपीजी साठवताना दर्जा दहाच्या खाली नेऊ नये, कारण जास्त दाबलेली जेपीजी सर्वांत आधी बारीक दाणाच खाऊन टाकते आणि पट्टे परत येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली तरी तेच होतं. छापखान्याला ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.