न जाळता वापरलेला हायड्रोजन

दोन ग्रॅम हायड्रोजन घेतला आणि सोळा ग्रॅम ऑक्सिजनमध्ये जाळला, तर अठरा ग्रॅम पाणी तयार होतं आणि पाणी पुन्हा २५ अंशांवर आलं की एकूण २८६ किलोज्यूल उष्णता मिळालेली असते. हीच उष्णता इंजिनाला दिली तर त्यातली किती कामी येईल, याचा हिशोब सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली मांडला. ५५० अंशांची वाफ आणि ३० अंशांचं थंड पाणी यांच्यामध्ये चालणारं इंजिन कितीही निर्दोष बनवलं, तरी ६३ टक्क्यांच्या वर जात नाही. प्रत्यक्षात त्याच्या बरंच खाली राहतं.

फ्युएल सेलमध्ये पदार्थ तेच आणि शेवटी तयार होणारं पाणीही तेच. फरक इतकाच, की हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची थेट गाठ पडू दिली जात नाही. मध्ये एक पातळ पटल असतं. हायड्रोजनचे प्रोटॉन त्यातून पलीकडे जातात. इलेक्ट्रॉनांना मात्र वाट नसते, म्हणून ते बाहेरच्या तारेतून वळसा घालून जातात आणि जाता जाता मोटर फिरवतात. इथे आधी उष्णता करून मग तिचं काम करणं हा टप्पाच नाही, त्यामुळे कार्नोची मर्यादा या यंत्राला लागूच पडत नाही.

मग सगळेच्या सगळे २८६ किलोज्यूल वीज म्हणून मिळावेत की! तसं होत नाही. दोन वायू जाऊन त्यांचं द्रव पाणी झालं म्हणजे पसारा आवरला; एन्ट्रॉपी घटली. विश्वाची एकूण एन्ट्रॉपी घटू शकत नाही, म्हणून इथे घटलेली भोवतालात भरून द्यावी लागते, आणि ती देण्याचा मार्ग एकच: उष्णता. या अभिक्रियेत एन्ट्रॉपी दर केल्व्हिनला १६३ ज्यूल घटते. तिला २९८ केल्व्हिनने गुणलं की साधारण ४९ किलोज्यूल येतात. पगारातून टीडीएस आधीच कापला जावा तसे हे ४९ जातात आणि २३७ हातात पडतात. या हातात पडणाऱ्या रकमेला अमेरिकन शास्त्रज्ञ गिब्ज यांच्या नावावरून गिब्ज मुक्त ऊर्जा म्हणतात.

तापमान आणि दाब स्थिर असताना अभिक्रियेतून वायूच्या फुगण्या-आकसण्याचं काम वगळून जास्तीत जास्त जेवढं काम काढता येतं, ते या मुक्त ऊर्जेतल्या घटीएवढं असतं. फुगणं-आकसणं वगळायचं कारण असं, की हवेच्या दाबाशी होणारी ती देवघेव आपल्याला मोटरला जोडता येत नाही. विजेचं काम जोडता येतं. २३७ भागिले २८६ म्हणजे ८३ टक्के. वरच्या ६३ शी तुलना करा.

हा आकडा व्होल्टमीटरवरही दिसतो. दोन ग्रॅम हायड्रोजनमागे तारेतून सुमारे १ लाख ९३ हजार कूलंब विद्युतभार जातो. २३७ किलोज्यूलना त्याने भागलं की १.२३ व्होल्ट. सेलने एवढं दिलं, तर काही वाया गेलं नाही. पण सेल एवढं देत नाही. काही जोडलेलं नसतानाही व्होल्टमीटर एकच्या आसपास दाखवतो, कारण थोडा हायड्रोजन पटलातून पाझरतो आणि ऑक्सिजनकडची अभिक्रिया प्लॅटिनम असूनही मंद असते. भार टाकला की पटलाचा रोध आडवा येतो. कधी तयार झालेलं पाणीच साचून ऑक्सिजनची वाट अडवतं. अशा वेळी व्होल्टेज डळमळू लागतं आणि जाणकाराला सेलमध्ये पाणी तुंबल्याचं तिथेच कळतं.

पुण्यात २०२२ मध्ये हायड्रोजनवर चालणारी बस दाखवली गेली. अशा बसमधल्या सेलकडून भाराखाली साधारण ०.७ व्होल्टची अपेक्षा असते, म्हणून पुष्कळ सेल एकामागे एक रचावे लागतात. ०.७ व्होल्टला काम होतं १३५ किलोज्यूल आणि उरलेले १५१ उष्णता म्हणून बाहेर पडतात, म्हणून तर बसला रेडिएटर लागतो. कार्यक्षमता ४७ टक्के. जाहिरातीत मात्र हीच ५६ टक्के दिसू शकते! तिथे पाणी वाफच राहिलं असं धरून २८६ ऐवजी २४२ ने भागलेलं असतं. दोन्ही रीती प्रचलित आहेत, पण तुलना करताना दोन्ही यंत्रांना एकच रीत लावली नाही तर ती तुलना खोटी.

आणि तुलना नीट केली तर उष्णता इंजिनही हार मानत नाही. गॅस टर्बाइनच्या गरम धुरावर पुन्हा वाफेचं टर्बाइन चालवणारी आधुनिक केंद्रं दुसऱ्या रीतीने मोजल्यास ६० टक्क्यांच्या वर जातात. शिवाय तापमान वाढलं की फ्युएल सेलची मर्यादा उतरते. ७२७ अंशांला हातात येणारे २३७ किलोज्यूल १९३ वर येतात, तर कार्नोची मर्यादा मात्र चढत जाते. तरीही सिरॅमिकचे सेल एवढ्या तापमानाला मुद्दाम चालवतात, कारण तिथे अभिक्रिया वेगाने होते, प्लॅटिनम लागत नाही, आणि बाहेर पडणारी उष्णता एखादं टर्बाइन चालवण्याइतकी गरम असते.