चेंडू रिंगवर आदळण्याआधी

१८ जून २०१३. एनबीए अंतिम मालिकेचा सहावा सामना, मायामीत. सॅन अँटोनियो स्पर्स ९५-९२ असे पुढे होते आणि विजेतेपद काही सेकंदांवर आलं होतं. लेब्रॉन जेम्सचा तीन गुणांचा फटका चुकला. स्पर्सचा सगळ्यात भरवशाचा उंच खेळाडू टिम डंकन तेव्हा बाकावर होता. मायामीचा ख्रिस बॉश मोकळाच आत शिरला, त्याने रिबाउंड घेतला आणि कोपऱ्याकडे मागे सरकत गेलेल्या रे ॲलनला चेंडू दिला. ५.२ सेकंद उरले असताना बरोबरी झाली. जादा वेळेत मायामी जिंकलं, पुढे मालिकाही.

शाळेच्या सामन्यांत हेच दर दोन मिनिटांनी घडतं. फटका सुटला की बचाव करणारी पाचही मुलं मान वर करून चेंडू बघत राहतात आणि आपला खेळाडू पाठीमागून कधी आत गेला, हे त्यांना कळतच नाही.

बॉक्स आउटचा क्रम याच्या उलट आहे. आधी माणूस, मग चेंडू. फटका सुटताच आपला खेळाडू कुठे आहे ते पाहायचं, त्याच्याकडे पाऊल टाकून हाताच्या पुढच्या भागाने त्याला अडवायचं आणि पिव्होट करून पाठ त्याच्याकडे वळवायची. गुडघे वाकलेले, पाय खांद्यांपेक्षा रुंद, हात कोपरात वाकवून वर. तो डावीकडे सरकतोय की उजवीकडे, हे आता डोळ्यांना दिसत नाही. ते पाठीला आणि कंबरेला जाणवतं. म्हणून स्पर्श सुटला की अडवणंही संपलं. चेंडू रिंगवरून उडाला की मगच झेप.

उंची कमी असलेल्या मुलांना इथे खरी संधी असते. डेनिस रॉडमन ६ फूट ७ इंचांचा, म्हणजे त्या जागेसाठी बुटकाच; तरी १९९२ ते १९९८ सलग सात हंगाम एनबीएत सर्वाधिक सरासरी रिबाउंड त्याचेच होते. चेंडू कुठे पडेल याचा तो अभ्यास करायचा. कोपऱ्यातून चुकलेला फटका बहुधा समोरच्या बाजूला जातो, आणि लांबचा फटका लांब उडतो.

त्यामुळे अगदी रिंगखाली जाऊन उभं राहणं ही दुसरी नेहमीची चूक. तिथे हाताला लागतो तो बहुतेकदा जाळीतून पडलेला चेंडू. चुकलेला डोक्यावरून निघून जातो. रिंगपासून दोन-तीन पावलं बाहेरच प्रतिस्पर्ध्याला थोपवलं, तर पुढची जागा आपली राहते.

मात्र थोपवणं म्हणजे ढकलणं नव्हे. कंबरेने मागे रेटत नेलं किंवा हाताने त्याचा हात अडकवून धरला, तर पंच फाउल देतात. हात खाली मागे जातात तेव्हाच हे घडतं, म्हणून प्रशिक्षक सरावात दोन्ही तळवे समोरून दिसतील असे वर ठेवायला लावतात.