फ्रेंच ‘कोमांतेर’ म्हणजे रसग्रहण नाही. मग ते लिहायचं कसं?

भातकुली असो की मुंबई, राज्य मंडळाचं मराठी शिकलेल्यांना कवितेचं रसग्रहण ठाऊक असतं. आधी आशय, मग भाषासौंदर्य, शेवटी कविता का आवडली. पुढे पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मुंबई विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकायला गेलं की हीच सवय आड येते. फ्रेंच ‘कोमांतेर लितेरेर’मध्ये आशय आणि भाषा असे दोन वेगळे कप्पे चालत नाहीत आणि आवडनिवड तर कुणी विचारतच नाही. फ्रान्समध्ये बारावीच्या आदल्या वर्षी लेखी परीक्षेत चार तासांत हे लिहितात.

उदाहरण म्हणून आर्थर रॅम्बोचं ‘ल दोर्मर द्यु व्हाल’ घेऊ. ऑक्टोबर 1870, फ्रान्स-प्रशिया युद्ध सुरू, कवी जेमतेम सोळाचा. हिरव्या दरीत एक तरुण सैनिक झोपलेला दिसतो. शेवटच्या ओळीत त्याच्या कुशीतल्या दोन लाल जखमा दिसतात आणि तो मेलाय हे कळतं.

प्रस्तावना एकाच परिच्छेदाची. काळ, कवी आणि कविता यांची ओळख, मग मध्यवर्ती प्रश्न, म्हणजे ‘प्रोब्लेमातिक’, आणि शेवटी मांडणीची घोषणा. खरी कसोटी प्रश्नाची. ‘कवीने युद्धाबद्दल काय म्हटलंय?’ हा प्रश्न कच्चा, कारण त्याचं उत्तर सारांशात संपतं. ‘निसर्गाचं शांत चित्र युद्धाचा निषेध अधिक धारदार कसा करतं?’ हा पक्का. ‘कसं’ विचारलं की शब्दांकडे बघावंच लागतं.

मग मुख्य भाग. त्याचे दोन किंवा तीन पैलू असतात आणि प्रत्येक पैलू उत्तर एक पायरी पुढे नेतो. इथे पहिला, आईच्या कुशीसारखा निसर्ग. दुसरा, त्या शांततेत लपलेल्या मरणाच्या खुणा. तिसरा, ‘युद्ध’ हा शब्दही न उच्चारता केलेला निषेध.

दुसऱ्या पैलूतला एक परिच्छेद असा उभा राहतो. विधान: झोप हा चकवा आहे. पुरावा: ‘झोपतो’ हे क्रियापद तीनदा येतं. तंत्र: पहिल्यांदा ते कर्त्यापासून तोडून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला टाकलंय. अर्थ: वाचक त्या शब्दावर अडखळतो आणि पुन्हा वाचताना झोपेचा संशय येऊ लागतो. यातली शेवटची पायरी गाळली, तर उरते नुसती अलंकारांची यादी. तंत्र गाळलं, तर उरतो भावार्थ, ज्याला फ्रेंच शिक्षक ‘पाराफ्राझ’ म्हणून गुण कापतात. ओळखायला सोपं आहे: परिच्छेदातली अवतरणं काढून टाका. तरीही मजकूर गोष्टीसारखा सलग वाचता आला, तर तो पाराफ्राझच.

समारोप छोटा. नवा मुद्दा नाही, फक्त प्रश्नाचं थेट उत्तर: मृत्यू उशिरा कळतो म्हणूनच तो अन्याय वाटतो. त्यानंतर ‘उव्हेर्त्यूर’, म्हणजे दुसऱ्या कृतीकडे उघडणारं दार. इथे रॅम्बोचीच ‘ल माल’ चालेल. तेच युद्ध, पण तिथे झोपलेला आहे देव.