पिन बसते, पण चित्र येत नाही

साताऱ्याला ताईच्या घरी लग्नानंतरची पूजा होती. व्हिडिओवाल्याने लग्नाचं पूर्ण चित्रण दाजींच्या फोनवर पाठवलं होतं आणि आजींना ते मोठ्या पडद्यावर पाहायचं होतं. दाजींनी त्यासाठी ऑनलाइन एक अ‍ॅडाप्टर मागवला होता. त्याच्या एका टोकाला टाइप सीची पिन आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआयची केबल बसेल असं तोंड होतं. फोनला अ‍ॅडाप्टर, अ‍ॅडाप्टरला केबल, केबल टीव्हीला, अशी सगळी जोडणी झाली. अ‍ॅडाप्टरवरचा बारीक निळा दिवाही लागला. टीव्हीवर मात्र No Signal एवढीच अक्षरं.

"पाव्हणं, पिन तर बरोबर बसतीय की! दिवा पण लागलाय. मग चित्र का नाही?" दाजींनी मला विचारलं.

हा प्रश्न आता घरोघरी पडतो आणि त्याचं खरं उत्तर दुकानात सहसा मिळत नाही. ग्राहक अ‍ॅडाप्टरला दोष देतो, तो बदलून दुसरा आणतो आणि तोही चालत नाही. दाजींचा हा दुसरा अ‍ॅडाप्टर होता.

टाइप सी हे फक्त तोंडाच्या आकाराचं नाव आहे. त्या तोंडातून आत काय काय जातं, ते आकारावरून कळत नाही. त्या छोट्या लंबगोल खाचेत 24 संपर्क असतात, वर बारा आणि खाली बारा. काही विजेचे, काही जमिनीचे म्हणजे ग्राउंडचे. एक जोडी साध्या, संथ डेटासाठी असते; जुन्या चौकोनी यूएसबीत होती तीच ही. यांखेरीज चार जलद जोड्या असतात आणि चित्र जातं ते यांच्यातून. पण कंपनीने या चार जोड्या फोनच्या आत जोडल्याच पाहिजेत, असा नियम नाही. स्वस्त फोनात चार्जिंग आणि संथ डेटा एवढ्यापुरते संपर्क जोडलेले असतात आणि जलद जोड्यांच्या जागा मागे कशालाही न जोडता सोडलेल्या असतात. बाहेरून दोन्ही फोनांची खाच हुबेहूब सारखी दिसते.

आता चित्र कसं जातं ते पाहू. टाइप सीमधून चित्र पाठवण्याच्या पद्धतीला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात. ऑल्ट म्हणजे पर्यायी: एरवी यूएसबीसाठी असलेल्या जलद जोड्या तेवढ्या वेळापुरत्या डिस्प्लेपोर्टच्या कामाला लावायच्या. ही पद्धत 2014मध्ये जाहीर झाली. अ‍ॅडाप्टर खोचला की आधी सीसी नावाच्या संपर्कावरून दोघांची ओळख होते. अ‍ॅडाप्टरमधला एक रोध पाहून फोनला कळतं की काहीतरी जोडलं गेलं आहे आणि तो पाच व्होल्ट सोडतो. दाजींचा निळा दिवा त्याच पाच व्होल्टांवर लागला होता. पुढे फोन विचारतो, "तुला काय काय येतं?" अ‍ॅडाप्टर सांगतो, "मला डिस्प्लेपोर्ट येतं." फोनलाही ते येत असेल तर जलद जोड्यांवर चित्र सुरू होतं, आणि अ‍ॅडाप्टरमधली चिप त्या डिस्प्लेपोर्टचं एचडीएमआय करून टीव्हीला देते. फोनला ते येतच नसेल तर बोलणं तिथेच थांबतं. दिवा लागलेला राहतो, फोन गप्प राहतो. बहुतेक फोन तुम्हाला "मला हे जमत नाही" असंही सांगत नाहीत.

म्हणून दिवा लागला याचा अर्थ वीज पोचली, एवढाच घ्यायचा.

पण दोष फोनचाच आहे हे ठरवायचं कसं? वस्तू एकेक करून बदलून पाहायची. सगळ्यात आधी टीव्ही. रिमोटवरचं सोर्स किंवा इनपुटचं बटण दाबून, केबल ज्या तोंडात आहे तोच एचडीएमआय क्रमांक निवडला आहे ना, ते पाहिलं. तिथेच सेट टॉप बॉक्सची केबल लावली, तर चॅनेल दिसले. म्हणजे टीव्ही, ते तोंड आणि निवडलेला इनपुट ठीक. मग तीच सेट टॉप बॉक्सची केबल अ‍ॅडाप्टरला लावली आणि फोन जोडला. तरीही चित्र नाही. म्हणजे केबलचाही दोष नाही. उरले अ‍ॅडाप्टर आणि फोन.

भाचा पुण्याहून लॅपटॉप घेऊन आला होता. त्याच्या डाव्या बाजूच्या टाइप सी तोंडात अ‍ॅडाप्टर खोचला. तरीही No Signal. दाजी म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो? अ‍ॅडाप्टरच खराब." क्षणभर मलाही तसंच वाटलं. मग लॅपटॉप उचलून कडेला बारकाईने पाहिलं. त्याला टाइप सीची दोन तोंडं होती. आम्ही वापरलेल्या तोंडाजवळ यूएसबीचा त्रिशूळ आणि SS ही अक्षरं होती, म्हणजे जलद डेटाची खूण. दुसऱ्या तोंडाजवळ डी आणि पी ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली छोटी खूण होती. ती डिस्प्लेपोर्टची. अ‍ॅडाप्टर तिथे लावला आणि दोन-तीन सेकंदांत टीव्हीवर भाच्याच्या लॅपटॉपचा पडदा उमटला.

लॅपटॉपच्या बाबतीत ही गफलत फार होते, म्हणून त्या खुणा नीट ओळखून ठेवाव्यात. डी-पीची खूण असेल तर चित्र येतं. विजेच्या बाणाची थंडरबोल्टची खूण असेल तरी चित्र येतं. नुसती त्रिशूळाची किंवा बॅटरीची खूण असेल तर चित्राचा भरवसा नाही. काही कंपन्या खुणाच छापत नाहीत, तेव्हा मॉडेलच्या तपशिलात प्रत्येक तोंडापुढे DisplayPort लिहिलंय का ते पाहावं. तोंड बरोबर असूनही टीव्ही काळा राहिला तर विंडोज लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि P एकत्र दाबून Duplicate निवडावं. कधी कधी लॅपटॉप टीव्हीला फोर-के चित्र मिनिटाला नव्हे, सेकंदाला साठ वेळा पाठवू पाहतो आणि जुनी केबल किंवा स्वस्त अ‍ॅडाप्टर तो भार पेलत नाही. चित्र लुकलुकतं किंवा येऊन जातं. तेव्हा डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 1920 बाय 1080 निवडलं की बहुतेक वेळा ते स्थिरावतं.

आता अ‍ॅडाप्टर चांगला आहे हे सिद्ध झालं होतं. तोच पुन्हा दाजींच्या फोनला लावला, पिन उलटवून लावली, फोन बंद करून चालू केला. पिन उलटवून पाहणं हे उगाच नव्हे. एका बाजूने चालतं आणि दुसऱ्या बाजूने नाही, असं झालं तर खाचेत खिशातला कापूस, धूळ अडकलेली असते किंवा एखादा संपर्क झिजलेला असतो. इथे दोन्ही बाजूंनी शांतताच. मग कंपनीच्या संकेतस्थळावर फोनचा तपशील उघडला. तिथे लिहिलं होतं: USB Type-C, USB 2.0. डिस्प्लेपोर्टचा शब्दही नव्हता. फोन बिघडलेला नव्हता. त्याला चित्र बाहेर पाठवण्याची वाटच दिलेली नव्हती.

"मग एखादं अ‍ॅप टाकून होणार नाही का?" भाच्याने विचारलं. जिथे तारच नाही तिथे अ‍ॅप काय करणार? याला एक ठळक अपवाद मला माहीत आहे. गूगलच्या पिक्सेल 8मध्ये आत सोय होती, पण ती सॉफ्टवेअरने बंद ठेवलेली होती. जून 2024च्या अपडेटनंतर तो केबलने चित्र देऊ लागला. आधीच्या पिक्सेलना ते अपडेट करूनही जमत नाही. बाजारात डिस्प्लेलिंक प्रकारचे अ‍ॅडाप्टरही मिळतात. ते चित्र दाबून लहान करतात आणि साध्या डेटाच्या वाटेने नेतात, म्हणून ते यूएसबी 2.0 फोनवरही चालू शकतात. पण त्यांना फोनवर वेगळं अ‍ॅप लागतं, हलतं चित्र अडखळतं आणि पैसे भरून पाहायच्या ओटीटीवरचे सिनेमे त्यातून दिसत नाहीत. हा अ‍ॅडाप्टर दिसायला नेहमीच्याच सारखा असतो, त्यामुळे घेताना विचारूनच घ्यावा.

ओटीटीवरून आठवलं. फोनचा पडदा टीव्हीवर दिसतो, फोटो दिसतात, पण सिनेमा लावला की आवाज येतो आणि चित्र काळं, अशी तक्रार असेल तर तो मामला वेगळा आहे. सिनेमाची चोरी होऊ नये म्हणून एचडीसीपी नावाचं कुलूप असतं आणि फोनपासून टीव्हीपर्यंतच्या प्रत्येक वस्तूकडे त्याची किल्ली असावी लागते. काही स्वस्त अ‍ॅडाप्टरांत ती नसते. तिथे अ‍ॅडाप्टर बदलणं हाच उपाय.

कोणत्या फोनांतून चित्र येतं? आयफोनमध्ये 2023च्या आयफोन 15पासून, अगदी साध्या मॉडेलमध्येही. गंमत म्हणजे त्या साध्या आयफोन 15चा डेटा यूएसबी 2.0च्याच वेगाने जातो, तरी चित्रासाठीच्या जोड्या त्यात आहेत. म्हणजे वेगाच्या आकड्यावरूनही पक्कं ठरवता येत नाही. सॅमसंगच्या एस मालिकेत 2017च्या एस 8पासून ही सोय आहे, ए आणि एम मालिकेतल्या बहुतेक फोनांत नाही. पंधरा-वीस हजारांच्या अँड्रॉइड फोनांत ती नाही असंच धरून चालावं.

त्या संध्याकाळी आजींनी लग्न भाच्याच्या लॅपटॉपवरून पाहिलं. पण तो दुसऱ्या दिवशी पुण्याला जाणार होता आणि आजींना ते पुन्हा पाहायचं होतं. मग दाजींच्या टेबलाच्या खणातला पेन ड्राइव्ह काढला. सात जीबीची फाइल त्यात जाईना, कारण तो एफएटी 32 पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्या पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. आतलं सगळं आधी दुसरीकडे उतरवून घेतलं, लॅपटॉपवर एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला आणि फाइल टाकली. ताईच्या टीव्हीच्या यूएसबी तोंडात तो खोचला तेव्हा फाइल लगेच उघडली. टीव्हीचं हे यूएसबी तोंड फाइल वाचण्यासाठी असतं. साध्या केबलने फोन तिथे जोडला, तर फोनचा पडदा तिथून टीव्हीवर दिसत नाही. फोन चार्ज होतो, फार तर त्यातले फोटो उघडतात. ज्यांचा टीव्ही स्मार्ट आहे त्यांना वायफायवरून कास्ट करण्याचाही मार्ग आहे आणि चित्र बाहेर न देणाऱ्या फोनांसाठी तोच सगळ्यात सोयीचा.

दाजींनी दोन्ही अ‍ॅडाप्टर परत करायला काढले. पहिल्याची मुदत संपली होती, दुसऱ्याचे पैसे मिळाले. तुमच्याकडे असा अ‍ॅडाप्टर पडून असेल तर त्याला खराब म्हणून टाकण्याआधी एकदा डिस्प्लेपोर्टची खूण असलेल्या लॅपटॉपला लावून पाहा. आणि नवा फोन टीव्हीला जोडायच्या हेतूने घेणार असाल तर खोक्यावर टाइप सी वाचून थांबू नका. कंपनीच्या तपशिलात DisplayPort हा शब्द शोधा, आणि तो दिसला नाही तर सोय नाही असंच समजा.