मुदत कुठून मोजायची?

सकाळी 9.30

गारखेड्यात सूतगिरणी चौकाजवळ आमचं छोटं ऑफिस आहे. लहान कारखान्यांचे पगार, पीएफ, ईएसआयची कामं आम्ही करतो. आजचं काम वेगळं आहे. चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपला कामगारांसाठी माहितीची नोटीस हवी आहे. त्यांनी कुठून तरी मिळवलेला एक इंग्रजी नमुना पाठवलाय. "आपली माहिती आवश्यक त्या कालावधीपर्यंत ठेवली जाईल" अशा अर्थाचं एक वाक्य त्यात आहे आणि खाली कामगाराच्या संमतीची सही आहे. या दोन्ही गोष्टी बदलायच्या आहेत.

आधी संमतीचं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 सालचा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मालकांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या मे 2027 पासून लागू होतील. या कायद्याच्या कलम 7 नुसार नोकरीच्या कारणासाठी लागणारी माहिती संमतीशिवाय वापरता येते. पगार द्यायला बँक खातं लागणारच, तिथे संमती मागण्यात अर्थ नाही. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्याकडून हो लिहून घेऊ नये. कायद्यातली नोटिशीची सक्ती संमतीशी जोडलेली आहे, म्हणून कलम 7 खालच्या माहितीसाठी नोटीस दिलीच पाहिजे असं कायदा थेट म्हणत नाही. तरीही ती द्यावी असा आमचा सल्ला असतो, कारण काय ठेवलंय हे ठाऊक नसेल तर कामगार चूक दुरुस्त करून मागणार कशी? संमती लागते ती नोकरीबाहेरच्या वापराला. कामगाराचा फोटो कंपनीच्या जाहिरातीत टाकायचा असेल तर ती वेगळी मागायची, आणि तो नाही म्हणाला तर त्याच्या पगारावर किंवा कामावर काही परिणाम होता कामा नये.

सकाळी 11

मशीन शॉपच्या ऑफिसात पगार बघणारे भाऊ फाइलींचं कपाट उघडून देतात. एक फाइल मी टेबलावर पूर्ण पसरते. अर्ज, आधारची झेरॉक्स, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, दहावीची मार्कशीट, पीएफचं घोषणापत्र, वारसाचं नाव, रक्तगट, बायकोच्या आधारची झेरॉक्स, आणि एका जुन्या आजाराचा रिपोर्ट.

"हा रिपोर्ट कशाला?" मी विचारते.

"रजेच्या अर्जासोबत आला होता, मॅडम. मग राहून गेला."

नोटीस लिहिण्यापूर्वी अशी एखादी फाइल हाताळावीच लागते. एकेका कागदासमोर कारण लिहायचं. कारण सापडलं नाही, तर त्या कागदाचं नाव नोटिशीत घालून उपयोग नाही, तो फाइलमधून काढायचा. रजा मंजूर झाली, त्या रजेचा हिशेब मिटला, म्हणजे आजाराच्या रिपोर्टचं काम संपलं. बायकोचं आधार ईएसआयमध्ये तिची नोंद होईपर्यंत लागलं, आता झेरॉक्सची गरज नाही.

दुपारी 1

गेटजवळ अंगठ्याचं हजेरी मशीन आहे. यादी मागते तर भाऊ संगणकातली दाखवतात. ती बरोबर आहे, कामावर असलेलेच लोक तिच्यात आहेत. पण मशीनच्या मेनूत जाऊन नावं बघितली, तर दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेलेही तिथे सापडतात. संगणकात कामगार बंद केला की मशीनमधलं बोट आपोआप पुसलं जाईल, असा समज सगळीकडे आहे. बहुतेक मशीनमध्ये बोटाचा साचा तिथेच साठतो आणि तो वेगळा काढावा लागतो. नोटिशीत "सोडल्यावर 7 दिवसांत बोटाची नोंद काढू" असं लिहायचं, तर ते कोण काढणार आणि काढल्याची तारीख कुठे लिहिणार हेही आजच ठरवावं लागतं. 7 दिवस हा कंपनीचा निर्णय आहे. कायद्याने तो आकडा दिलेला नाही.

दुपारी 3

आता मुदतींचा तक्ता. यात सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण वर्षं सगळे लिहितात, पण ती कुठून मोजायची ते कोणी लिहीत नाही. भाऊंना समजावं म्हणून आम्ही एक काल्पनिक कामगार घेतला, 12 ऑगस्ट 2026 ला नोकरी सोडणारा.

त्याचा शेवटचा हिशेब नव्या वेतन संहितेप्रमाणे 2 कामाच्या दिवसांत द्यायचा, म्हणून बँक खातं तोवर लागतंच. पगाराची नोंदवही मात्र आर्थिक वर्षाची आहे आणि तिच्यातली शेवटची नोंद 31 मार्च 2027 ला पडणार, कारण बाकीचे कामगार तोवर कामावर आहेत. पगाराचा दावा 3 वर्षांत करता येतो, म्हणून नोंदवही 31 मार्च 2030 पर्यंत ठेवायची. ईएसआयची नोंदवही शेवटच्या नोंदीपासून 5 वर्षं, म्हणजे 31 मार्च 2032. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असल्याने हिशेबाच्या वह्या 8 आर्थिक वर्षं ठेवाव्या लागतात, त्यात या कामगाराच्या पगाराचं व्हाउचरही येतं. 2026-27 ची वही त्या हिशेबाने 31 मार्च 2035 पर्यंत राहते.

एकाच माणसाचे तीन कागद तीन वेगळ्या दिवशी नष्ट होतात. सोपं पडावं म्हणून पूर्ण फाइल 2035 पर्यंत ठेवली, तर मार्कशीट, वारसाचं नाव, आधार यांना कारण नसताना साडेआठ वर्षांहून जास्त जागा मिळते. म्हणून फाइल मुदतीप्रमाणे वेगळ्या पाकिटांत विभागायची.

भाऊ म्हणतात, "पण वीस वर्षांनी पेन्शनसाठी कोणी दाखला मागायला आला तर?" प्रश्न रास्त आहे. त्यासाठी एका पानाचं सेवा कार्ड पुरतं: नाव, यूएएन, रुजू आणि सोडल्याची तारीख. ते कामगार 58 वर्षांचा होईपर्यंत ठेवू, असं नोटिशीत कारणासह लिहिलं.

संध्याकाळी 5

सुपरवायझर येतात. नव्या माणसाचे कागद कसे येतात असं विचारल्यावर ते मोबाइल पुढे करतात. व्हॉट्सअॅपवर आलेले आधार आणि पासबुकाचे फोटो त्यांच्या गॅलरीत लग्नाच्या फोटोंच्या मध्ये पडलेले आहेत. ऑफिसच्या कपाटाला कुलूप आहे, या फोनला मुदत नाही. उद्यापासून कागद थेट ऑफिसच्या मेलवर घ्यायचे, आणि हे फोटो आज आमच्यासमोर पुसायचे ठरलं.

शिफ्ट सुटल्यावर कच्चा मजकूर मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. एक ज्येष्ठ कामगार विचारतात, "ताई, कॅमेऱ्यातलं कोण बघतं?" नोटिशीत हे नव्हतं. रेकॉर्डिंग 30 दिवसांनी आपोआप पुसलं जातं, चोरी किंवा अपघात झाला तरच ते काढलं जातं आणि ते बघण्याचा अधिकार फक्त मालक आणि सुरक्षा अधिकाऱ्याला आहे, अशी ओळ वाढवली.

संध्याकाळी 7

ऑफिसात परत येऊन नोटीस पूर्ण केली. दोन पानं झाली. प्रत्येक ओळीत चार गोष्टी आहेत: माहिती कोणती, कशासाठी, कोणाला दिली जाते, आणि कुठल्या तारखेपासून किती काळ ठेवली जाते. खाली तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव आणि नंबर. संमतीची सही काढली, मिळाल्याची पोच ठेवली.

तुमच्या हाती अशी नोटीस आली तर आकडे वाचून थांबू नका. प्रत्येक आकड्यापुढे "कधीपासून?" असं विचारा. उत्तर मिळालं नाही, तर ती मुदत कोणी ठरवलेलीच नाही.